ताप उतरला, पण पल्स चढली: तापाच्या एका डिग्रीला नाडीचे किती ठोके वाढतात आणि कधी ते जास्त समजायचे

पावसाळा सुरू झाला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. बोटाला ऑक्सिमीटर लावलेला, आणि खाली लिहिलेलं, "ताई ऑक्सिजन ९७ आहे पण खालचा आकडा ११८ दाखवतोय, ताप १०२ आहे, काळजीचं आहे का?" कोरोनात घराघरात ते छोटं मशीन आलं आणि घरातच राहिलं, आता डेंग्यूच्या सीझनला लोक तेच काढतात. त्यावर दोन आकडे येतात, एक ऑक्सिजनचा आणि दुसरा पल्सचा, म्हणजे हृदय मिनिटाला किती ठोके देतंय त्याचा. पहिल्याचं काय करायचं ते कोरोनाने सगळ्यांना शिकवलं, दुसऱ्याचं काय करायचं ते कुणीच सांगितलं नाही.

मी १९ वर्षं मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे. दर चार तासांनी ताप, नाडी, श्वास मोजून चार्टवर टिंब टाकणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला ग्रुपवर दोन ओळीत देता येत नाही. ते नीट लिहिते.

## ताप आला की नाडी वाढतेच, आणि वाढायलाच हवी

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो स्वतःच ठराविक वेळाने विजेचा हलका इशारा देतो आणि प्रत्येक इशाऱ्याला एक ठोका पडतो. हे काम शेवटी रासायनिक आहे, आणि रासायनिक काम उबेत लवकर होतं. थंडीत दही लागायला रात्र पुरत नाही आणि मे महिन्यात चार-पाच तासात आंबट होऊन जातं, तसंच. शरीर तापलं की तो पुंजकाही तापतो आणि इशारे लवकर लवकर द्यायला लागतो, त्यासाठी घाबरायची किंवा धावायची गरज नसते. शिवाय तापात शरीराचा इंधनखर्च वाढतो, एका सेल्सिअसला साधारण दहा ते तेरा टक्के जास्त ऑक्सिजन लागतो, तो पोचवायला रक्त जास्त फिरवावं लागतं. म्हणजे तापातली वाढलेली नाडी हा वेगळा आजार नाही, तो तापाचाच भाग आहे.

प्रश्न एवढाच की किती वाढली तर ती तापाची, आणि किती वाढली तर त्यात दुसरंही काहीतरी मिसळलंय.

## एका डिग्रीला किती ठोके?

हा हिशोब जुना आहे. कार्ल फॉन लिबरमाइस्टर नावाचे जर्मन डॉक्टर होते, बाझेल आणि नंतर ट्युबिंगेनला शिकवायचे, १८७५ साली त्यांनी तापावरच एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या नावाचा नियम आजही सांगतात, की ताप एक डिग्री सेल्सिअसने वाढला की नाडी मिनिटाला साधारण ८ ठोक्यांनी वाढते. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९८६ मध्ये, फिनलंडच्या डॉक्टरांनी तापातल्या तरुण पुरुषांचे ठोके मोजले तर साडेआठ आले. लहान मुलांवर जी मोजमापं झाली त्यात आकडा १० च्या आसपास किंवा थोडा वर येतो. म्हणून लक्षात ठेवायला सोपा असा आकडा धरायचा, एका सेल्सिअसला १० ठोके.

आता इथे आपल्याकडे एक मोठा घोळ होतो आणि तो मी नर्सिंगच्या मुलींच्या वह्यांमध्येही पाहिलाय. आपले घरातले थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये असतात आणि नियम सेल्सिअसमध्ये. "एका डिग्रीला दहा" एवढंच पाठ केलं आणि ते फॅरनहाइटला लावलं तर हिशोब जवळजवळ दुप्पट होतो, कारण एक सेल्सिअस म्हणजे १.८ फॅरनहाइट. काही पुस्तकांत एका फॅरनहाइटलाही दहा ठोके सांगितलेत, पण तो आकडा मुख्यतः उलट्या कामासाठी वापरतात, म्हणजे चढ्या तापात नाडी फारच हळू आहे का ते बघायला. प्रत्यक्ष मोजलेले आकडे त्याच्या निम्म्यावरच येतात. आणि या घोळाचा तोटा असा की खरोखर जास्त असलेली नाडी आपल्याला "तापामुळेच आहे" म्हणून योग्य वाटायला लागते.

म्हणून मी घरच्यांना तीन पायऱ्या सांगते. ९८.६ हा आपला तळ. १००.४ ही पहिली पायरी, १०२.२ ही दुसरी, १०४ ही तिसरी. या पायऱ्या बरोबर एकेका सेल्सिअसच्या आहेत, ३७, ३८, ३९, ४०. प्रत्येक पायरीला दहा ठोके चढवायचे. एरवी तुमची नाडी ७२ असेल तर १००.४ ला ती ८२ च्या आसपास, १०२.२ ला ९२, आणि १०४ ला १०२ अपेक्षित. मधला ताप असेल तर अंदाजाने मधला आकडा, याला कॅल्क्युलेटर लागत नाही.

यावरून ग्रुपवरचा तो फोटो परत बघा. ताप १०२, पल्स ११८. एरवीची पल्स ७२ धरली तर अपेक्षा ९१ ची, म्हणजे २७ ठोके जास्तीचे. लगेच काही भयंकर आहे असं नाही, पण "ताप आहे ना, मग पल्स वाढणारच" असं म्हणून सोडायचाही आकडा नाही. फोटो पाठवणाऱ्या मुलीला मी विचारलं कधी मोजलंस, तर ती जिना चढून आली होती आणि सकाळपासून अर्धा कप चहाशिवाय पोटात काही नव्हतं. तासभर पडून राहून, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पिऊन परत मोजली तर ९६ आली. म्हणजे त्या २७ पैकी बरेचसे ठोके जिन्याचे आणि पाणी कमी पडल्याचे होते.

## "पण नॉर्मल पल्स ६० ते १०० ना? मग ९८ म्हणजे ठीकच की"

हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. ६० ते १०० ही सगळ्या मोठ्या माणसांची मिळून रेंज आहे, तुमची एकट्याची नाही. रोज पहाटे टेकडी चढणाऱ्या माणसाची बसल्या जागची नाडी ५४ असू शकते आणि त्याच्या बायकोची ८४. दोघांनाही ताप नसताना ९८ आली तर तिच्यासाठी ती चौदाने वाढलीय आणि त्याच्यासाठी चव्वेचाळीसने. म्हणून या सगळ्या हिशोबाचा पाया म्हणजे स्वतःचा तळ माहीत असणं. बरं असताना, सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, दोन-तीन दिवस मोजून फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, घरातल्या प्रत्येकाची. ज्यांच्या हातात स्मार्टवॉच आहे त्यांना तो आकडा घड्याळातच मिळतो.

गरोदरपणात हा तळ मुळातच दहा-वीसने वर गेलेला असतो, रक्त कमी असलेल्या माणसाचाही वर असतो, त्यांचा हिशोब त्यांच्या तळावरूनच करायचा.

## जास्तीचे ठोके येतात कुठून?

दुष्काळी भागात ज्यांनी पाणी भरलंय त्यांना हे पटकन कळेल. घरचा रांजण भरायला मोठ्या हंड्याने दहा खेपा लागत असतील तर छोट्या कळशीने वीस लागतात. हृदयाचंही तसंच आहे, प्रत्येक ठोक्याला ते एक भांडं भरून रक्त पुढे ढकलतं. भांडं पूर्ण भरत नसेल तर तेवढंच रक्त पोचवायला खेपा वाढवाव्या लागतात. तापाच्या हिशोबापेक्षा नाडी जास्त असते तेव्हा बऱ्याचदा हेच चाललेलं असतं.

भांडं का भरत नाही याची कारणं वेगवेगळी. सगळ्यात साधं म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं, घाम, उलट्या, जुलाब, न खाणं-पिणं. आतल्या आत रक्तस्राव. जंतुसंसर्ग रक्तात पसरून रक्तवाहिन्या सैल पडणं, ज्याला सेप्सिस म्हणतात. कधी भांडं भरतं पण ढकलणारा स्नायूच थकलेला असतो, म्हणजे हृदयाच्या स्नायूलाच सूज, घटसर्पात आणि संधिवाताच्या तापात ती जुन्या काळापासून डॉक्टरांना माहीत आहे. या सगळ्यात ताप १०० असला तरी नाडी १२५ असू शकते. उरलेल्या लेखात मी यातला एकच प्रकार धरणार आहे, कारण आपल्याकडे दर पावसाळ्यात माणसं त्यातच फसतात.

## डेंग्यूत चार्टवर पडणारी फुली

आमच्याकडे कागदी चार्ट असतो, वर तारखा, खाली तास, तापाची टिंबं एका रंगाने आणि नाडीची दुसऱ्या, मग टिंबं रेषेने जोडायची. साध्या तापात या दोन रेषा जोडीने चालतात, एक चढली की दुसरी चढते, पॅरासिटामॉलने एक उतरली की दुसरीही उतरते. चार्ट लांबून बघितला तरी दोन बहिणी हात धरून चालल्यासारख्या दिसतात. भीती वाटते ती त्या एकमेकींना छेदतात तेव्हा, तापाची रेषा खाली येते आणि नाडीची वर जाते. जुन्या सिस्टर टायफॉइडच्या तिसऱ्या आठवड्यात ही फुली शोधायच्या, कारण आतड्यात रक्तस्राव झाला किंवा आतडं फुटलं की ताप एकदम पडायचा आणि नाडी पळायची. आज मी ती डेंग्यूत शोधते.

एका मुलाचं सांगते. २३ वर्षांचा, वजन ६० किलो, फुटबॉल खेळणारा, घड्याळात त्याची एरवीची नाडी ६८ दिसत होती. तापाच्या दुसऱ्या दिवशी उलट्या होतात म्हणून ॲडमिट झाला. त्या रात्री ताप १०४, नाडी १००. तीन पायऱ्या म्हणजे तीस, ६८ अधिक ३० म्हणजे ९८, अगदी हिशोबात. गोळी दिल्यावर तासाभराने ताप १००.४, नाडी ८०. पुन्हा हिशोबात. तिसऱ्या दिवशी १०२.२ ला ९०. दोन बहिणी हात धरून.

चौथ्या दिवसाच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे पाचवा दिवस लागल्यावर, दोन वाजता ताप १००.४ आणि नाडी ९२. अपेक्षा ७८ ची होती. चौदाचा फरक, झोपेतून उठवून मोजली म्हणून असेल असं वाटू शकतं, मी बाजूला खूण करून ठेवली. सकाळी सहाला ताप ९९.५. त्याची आई रात्रभर जागी होती, मला बघून एकदम मोकळी झाली, "सिस्टर, ताप गेला हो, आता घरी सोडतील ना?" मी मनगट धरलं होतं आणि मोजत होते म्हणून लगेच बोलले नाही. पूर्ण मिनिट मोजली, १०८. अर्धी पायरी ताप, म्हणजे नाडी ७३ च्या आसपास हवी. पस्तीस ठोके जास्तीचे. हात गार लागत होता, बोटाचं नख दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला भाग परत लाल व्हायला तीन-चार सेकंद गेले, एरवी दोनच्या आत होतो. पोट दुखतंय म्हणाला, आणि रात्रीपासून लघवीला एकदाच गेला होता.

बीपी घेतलं, १०४ आणि ८८. वरचा आकडा ऐकून कुणीही म्हणेल ठीक आहे. पण दोन्हीतलं अंतर बघा, १६. हे अंतर चाळीसच्या आसपास असतं, डेंग्यूत ते २० किंवा त्याखाली आलं की शॉकची सुरुवात समजतात, वरचं बीपी चांगलं दिसत असलं तरी. मी आईला सांगितलं, "काकू, ताप गेला हे खरं, पण हाच टाइम जपायचा आहे, मी डॉक्टरांना बोलावते." डॉक्टर दहा मिनिटात आले.

काय झालं होतं? डेंग्यूत ताप उतरायच्या सुमाराला, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, काही जणांच्या बारीक रक्तवाहिन्या माठासारख्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, पोटात, छातीच्या पोकळीत साठतं, आणि लाल पेशी मागे राहतात, त्यामुळे उरलेलं रक्त दाट होतं. हे दाटपण रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही या नावाने येतं. त्या मुलाचं ॲडमिट होताना ४१ होतं, त्या सकाळी ५०. वीस टक्क्यांच्या वर वाढ म्हणजे पाझर चांगलाच झालाय. प्लेटलेट ४२ हजार होत्या आणि नातेवाईक सगळे त्याच आकड्याभोवती फिरत होते, पिशवी कुठे मिळेल, रक्तदाता कोण, पपईच्या पानांचा रस देऊ का. पण त्या घडीला त्याचा जीव प्लेटलेटवर अडलेला नव्हता, भांडं भरत नव्हतं यावर अडलेला होता. हंडा कळशी झाला होता आणि हृदय खेपा वाढवून वेळ मारून नेत होतं. तरुण हृदय हे फार छान करतं आणि म्हणूनच तरुण पेशंट बीपी कोसळेपर्यंत बोलता-चालता असतो, मोबाइल बघत असतो. बीपी पडतं ते सगळ्यात शेवटी, पल्स त्याच्या कितीतरी आधी सांगते.

सलाईन वजनावर मोजून सुरू केलं, पहिल्या तासात साधारण ५०० मिली. तासाने नाडी ९६, हात कोमट. संध्याकाळी ८४, बीपी ११० आणि ७८, अंतर ३२, हिमॅटोक्रिट ४५, लघवी सुरू. मग सलाईन टप्प्याटप्प्याने कमी केलं, कारण हा पाझर एक-दोन दिवसात थांबतो आणि बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात यायला लागतं, तेव्हा जास्तीचं सलाईन फुप्फुसात जाऊन बसतं. म्हणूनच घरी कुणाला तरी बोलावून "ताकदीचं सलाईन" लावायचा प्रकार डेंग्यूत अजिबात करू नका. आणि तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनसारख्या गोळ्या नकोत, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

## "घाबरला असेल, म्हणून वाढली असेल"

असू शकतं. भीती, रडणं, दुखणं, दम्याचं नेब्युलायझेशन, स्ट्राँग कॉफी, सगळ्यांनी नाडी वाढते. पण ही कारणं तपासून बाजूला करता येतात, नुसतं गृहीत धरायची नसतात. लहान मूल असेल तर झोपेत मोजा. संधिवाताच्या तापात मुलाच्या हृदयाला सूज आहे का हे बघायला डॉक्टर झोपेतली नाडी मुद्दाम मागवायचे, कारण झोपेत भीती नसते, मग तेव्हाही नाडी पळत असेल तर कारण हृदयात किंवा रक्तात आहे. मोठ्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं आडवं पडू द्या, पाणी द्या, दुखत असेल तर त्याचं बघा, ताप जास्त असेल तर गोळी देऊन तासाभराने दोन्ही आकडे एकाच वेळी घ्या. सकाळचा ताप आणि दुपारची नाडी यांचा हिशोब लावायचा नाही.

हुडहुडी भरली असताना मोजू नका. त्या वेळी ताप अजून चढायचा असतो आणि शरीर आधीच पूर्ण जोर लावून थरथरत असतं, त्यामुळे नाडी तापाच्या पुढे पळालेली दिसते. अंग थरथरायचं थांबलं की मोजा.

## "मशीन दाखवतंय ते बरोबर असतं का?"

बहुतेक वेळा असतं, पण नेमकं जेव्हा गरज असते तेव्हाच ते चुकायची शक्यता जास्त. बोटं गार पडली की त्यातली नाडी क्षीण होते आणि मशीन आकडा शोधत बसतं, कधी ६४ कधी १३० दाखवतं. गडद नेलपॉलिश, मेंदी, हलणारा हात, हेही आहेच. म्हणून मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवून हाताने मोजता आलं पाहिजे, मोजताना आपला अंगठा वापरायचा नाही कारण अंगठ्याची स्वतःची नाडी लागते. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते.

थर्मामीटरचंही बघा. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा कमी येतो, अर्ध्या सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे जवळजवळ एक फॅरनहाइट. काखेतलाच घेत असाल तर रोज काखेतलाच घ्या म्हणजे तुलना सरळ राहते. पण हेही लक्षात ठेवा की काखेतला आकडा कमी असल्यामुळे नाडी हिशोबापेक्षा चार-पाच ठोके जास्त दिसेल, तेवढं चालतं.

## मग किती जास्त म्हणजे जास्त?

यासाठी जगमान्य अशी एक रेषा नाही. माणसामाणसात फरक मोठा असतो, कुणाची नाडी एका पायरीला सहाने चढते, कुणाची चौदाने. मी वॉर्डात स्वतःपुरतं असं धरते, की आराम करून, पाणी पिऊन, गोळीनंतर तासाभराने मोजलेली नाडी अपेक्षेपेक्षा वीसच्या वर जास्त असेल तर मी बीपी, हाताचा गारवा, लघवी, श्वास हे सगळं नव्याने बघते. वीस हा माझा कामाचा आकडा आहे, पुस्तकातला नाही. आणि एका आकड्यापेक्षा दोन-तीन आकड्यांची दिशा जास्त बोलते, त्या मुलाच्या रात्री दोनच्या चौदाला सहाच्या पस्तीसने अर्थ दिला.

मोठ्या माणसाची शांत पडलेली असताना नाडी १३० च्या पुढे असेल तर मात्र तापाचा हिशोब करत बसूच नये. ब्रिटनच्या हॉस्पिटलांत जी धोक्याचे गुण देण्याची पद्धत आहे तिच्यात १३१ आणि वरच्या नाडीला एकट्याने सगळ्यात वरचे तीन गुण मिळतात, ताप कितीही असो. लहान मुलांचा तळच वर असतो म्हणून त्यांचे आकडे वेगळे, तिथल्याच बालतापाच्या सूचनांमध्ये एक वर्षाच्या आतल्या बाळाला १६० च्या वर, एक ते दोन वर्षांना १५० च्या वर आणि दोन ते पाच वर्षांना १४० च्या वर गेली तर सावध व्हायला सांगितलंय. ताप उतरवूनही तेवढीच राहत असेल तर मुलाला दाखवून आणा.

आणि नाडीसोबत हातपाय गार, सतत उलट्या, पोटात कळ, सहा तास लघवी नाही, हिरड्यातून रक्त, काळी शी, किंवा माणूस एकदम सुस्त किंवा बेचैन, यातलं काहीही असेल तर फरक वीस आहे की बारा ते मोजत बसू नका, निघा.

## "बाबांची नाडी तापातही ७० च आहे, म्हणजे चांगलं ना?"

बाबा बीपीची किंवा हृदयाची गोळी घेतात का ते आधी बघा. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल या जातीच्या गोळ्या नाडीला लगाम घालतात, त्यामुळे आत कितीही गडबड असली तरी नाडी वर येत नाही आणि हा सगळा हिशोब त्यांच्यासाठी निकामी होतो. त्यांच्याबाबतीत लघवी, हाताचा गारवा आणि शुद्ध यांवर जास्त विसंबायचं, आणि डॉक्टरांना ती गोळी चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं. वय खूप असेल तर हृदयाचा चढायचा वेगही कमी झालेला असतो.

गोळी नसताना चढ्या तापात नाडी हळू असेल तर तीही एक खूण आहे. टायफॉइड त्यासाठी प्रसिद्ध आहे, १०३ ताप आणि नाडी ८४ असं दिसतं, डेंग्यूच्या सुरुवातीच्या दिवसांतही दिसू शकतं. इथेच एक पेच आहे, ज्याची नाडी तापाच्या मानाने हळूच चालली होती त्याची ताप उतरल्यावर ९६ झाली तर आकडा शंभरच्या आत असूनही तो त्याच्यासाठी मोठा चढ आहे. म्हणून त्याच पेशंटचे कालचे आकडे लागतात, घरी असाल तर वहीत तारीख, वेळ, ताप, नाडी अशा चार गोष्टी लिहीत जा, डॉक्टरांसमोर ती वही ठेवली की त्यांचं अर्धं विचारणं वाचतं.

## आणि नंतर एकदम ५२ आली तर?

तो मुलगा आठव्या दिवशी खाटेवर मांडी घालून वरण-भात खात होता. ताप नाही, नाडी ५२. आईने ऑक्सिमीटर स्वतः आणून ठेवला होता आणि आता तिला प्रत्येक आकड्याची भीती वाटत होती, "सिस्टर, एवढी कमी कशी, तेव्हा जास्त होती आता कमी, हृदयाला काही झालं का?" डेंग्यूतून बरं होताना काही दिवस नाडी स्वतःच्या तळाच्याही खाली जाते, हे बऱ्याच पेशंटमध्ये दिसतं. चक्कर नव्हती, बीपी ११४ आणि ७४, ईसीजी काढला तो नॉर्मल, हिमॅटोक्रिट परत ४० वर. मी मनगट धरून मोजली, ठोके संथ पण भरलेले होते, बोटाखाली ठसठशीत लागत होते. पाचव्या दिवशी सकाळी ते दोऱ्यासारखे बारीक होते. मी काकूंची बोटं धरून त्याच्या मनगटावर ठेवली आणि त्यांनाच मोजायला लावली.